आधी पाक, मग कढई, शेवटी दूध

लक्ष्मीपूजन रविवारी आलं आणि हातात शुक्रवारची संध्याकाळ, शनिवार आणि रविवारची सकाळ एवढाच वेळ उरला, की पुष्कळ घरांत सगळंच एकदम सुरू होतं. ओट्यावर कढई तापलेली, शेजारी दूध उतू चाललेलं आणि पाकाकडे कुणाचंच लक्ष नाही. खरं तर कुठल्या पदार्थाला मुरायला वेळ लागतो आणि कुठला लवकर नासतो, एवढं पाहिलं तरी क्रम ठरतो.

म्हणून शुक्रवारी रव्याचे पाकातले लाडू. तुपावर भाजलेला रवा एकतारी पाकात घातला की मिश्रण पातळ दिसतं, पण दोन-तीन तासांत रवा पाक पिऊन फुगतो आणि लाडू वळता येतात. पाक कच्चा राहिला तर लाडू बसतात. मग मिश्रण पुन्हा मंद आचेवर थोडं आटवावं. पाक पुढे गेला तर ते कोरडं होऊन भुगा पडतो. अशा वेळी दुधाचा हबका मारून लाडू वळले जातात खरे, पण ते लवकर संपवावे लागतात. मिश्रण मुरतंय तोवर करंजीचं सुक्या खोबऱ्याचं सारण भाजून घ्यावं. रात्रभरात ते पूर्ण गार होतं. गरम सारणाने पारी ओलावते आणि करंजी फुटते.

शनिवार तळणाचा. तुपात आधी शंकरपाळे, मग करंज्या, अगदी शेवटी अनारसे. कारण अनारशाची खसखस तुपात सुटते, तळाशी बसून करपते आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके व कडवट वास देते. फुटलेल्या करंजीतली साखरही तसंच करते, म्हणून शंकरपाळे तिच्याआधी. अनारशाचं पीठ मात्र या तीन दिवसांत होणार नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग गुळात मळलेलं पीठ काही दिवस मुरवायचं. ही तयारी आठवडाभर आधीची. तळलेलं सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नये. आत वाफ कोंडली की खुसखुशीतपणा जातो.

बासुंदी रविवारी सकाळीच. पाकातल्या साखरेत पाणी बांधलं जातं, तळणात ते उडून जातं, दुधात मात्र भरपूर उरतं. त्यामुळे लाडू-शंकरपाळे आठवडाभर सहज टिकतात आणि बासुंदी बाहेर राहिली तर काही तासांत आंबू लागते. खव्याच्या करंज्या करायच्या असतील तर त्याही याच हिशोबात, थोड्याच कराव्यात.

दोन लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात निम्म्यावर यायला तासभर तरी लागतो आणि तेवढा वेळ उलथनं हलतं ठेवावं लागतं. शेजारी तळण चालू असेल तर ते जमत नाही आणि दूध बुडाला लागतं. साखर शेवटी घालावी. तिने बासुंदी जरा सैल होते, आणखी पाच-सात मिनिटं उकळावी. हवी त्याहून किंचित पातळ असतानाच गॅस बंद करावा, कारण गार झाली की ती आणखी दाटते.