डिबेंचर फेडायचे पैसे: सिंकिंग फंड की विमा पॉलिसी?

समजा, तीन वर्षांनी १,००,००० रुपयांचे डिबेंचर फेडायचेत. सिंकिंग फंडात दर वर्षाअखेर नफ्यातून ३१,४११ रुपये बाजूला काढून ६ टक्क्यांनी गुंतवायचे, व्याजही परत गुंतवायचं. दोन वर्षांत गुंतवणूक ६४,७०७ होते. तिसऱ्या वर्षीचा हप्ता आणि व्याज मिळून ३५,२९३ मात्र गुंतवायचे नाहीत, कारण आता रोखच लागणार. गुंतवणूक ६२,००० लाच विकली गेली, तर २,७०७ चा तोटा सिंकिंग फंड खात्याला नावे टाका आणि तेवढी रोख दुसरीकडून उभी करा.

विमा पॉलिसीत ही धाकधूक नाही, मुदतीला ठरलेली रक्कम मिळते. पण हप्ता वर्षाच्या सुरुवातीलाच भरावा लागतो आणि दरवर्षी व्याज हातात येत नाही. भरलेल्या हप्त्यांवरचा फायदा शेवटी एकदमच खात्यात दिसतो.