सगळ्या चाचण्या पास, तरी बग होताच

'टेस्टिंग झालं, आता प्रोग्रॅममध्ये बग नाही,' असं वाक्य प्रोजेक्टच्या अहवालात हटकून सापडतं. त्याचा पूर्वार्ध खरा असू शकतो. उत्तरार्ध मात्र टेस्टिंगच्या जोरावर कोणालाच म्हणता येत नाही. चाचणीतून बग आहे एवढं दिसू शकतं, बग नाही हे दिसू शकत नाही, असं एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६९ साली रोमच्या परिषदेत सांगितलं होतं. ऐकायला हा शब्दांचा खेळ वाटतो. पण तो तसा का नाही, हे दहा ओळींच्या एका प्रोग्रॅमवरून चांगलं कळतं. तो प्रोग्रॅम म्हणजे बायनरी सर्च.

शब्दकोशात 'नांगर' शोधायचा असेल तर आपण 'अ' पासून पानं उलटत बसत नाही. कोश मधोमध उघडतो. 'प' दिसला तर मागच्या अर्ध्याकडे जातो, 'ग' दिसला तर पुढच्या. दर वेळी उरलेल्या भागाचा मध्य बघायचा आणि अर्धा भाग सोडून द्यायचा. क्रमाने लावलेल्या १५० कोटी आकड्यांमधूनही हवा तो आकडा या रीतीने फार तर ३१ वेळा बघून सापडतो. प्रोग्रॅममध्ये शोधाच्या खालच्या टोकाला low म्हणतात, वरच्याला high, आणि मध्य काढायची ओळ अशी:

```java
int mid = (low + high) / 2;
```

दोन आकड्यांची बेरीज आणि दोनाने भागाकार. यात चुकायला काय आहे? जावाच्या स्वतःच्या ग्रंथालयात, `Arrays.binarySearch` मध्ये, हीच ओळ होती. ती लिहिणारे जोशुआ ब्लॉक हे काही नवखे नव्हते. हा प्रोग्रॅम त्यांनी जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या पुस्तकावरून घेतला होता आणि बेंटलींनी तो बरोबर असल्याचं तिथे तर्काने सिद्धही केलं होतं. जगभरच्या लोकांनी तो सुमारे नऊ वर्षं वापरला. २००६ मध्ये ब्लॉक यांनीच जाहीर केलं की या ओळीत बग आहे.

बग असा. जावाचा int ३२ बिटांचा असतो. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. बेरीज याच्या वर गेली की जावा तक्रार करत नाही, निमूटपणे ऋण आकडा देतो. समजा ॲरेमध्ये १५० कोटी आकडे आहेत. सुरुवातीला low शून्य, high १,४९,९९,९९,९९९. मध्य येतो ७४,९९,९९,९९९, अगदी बरोबर. हवा असलेला आकडा डाव्या अर्ध्यात असेल तर पुढेही सगळं सुरळीत चालतं, कारण तिथल्या कोणत्याही दोन टोकांची बेरीज मर्यादेतच राहते. पण आकडा उजव्या अर्ध्यात असेल तर low होतो ७५,००,००,०००. आता low आणि high यांची बेरीज २,२४,९९,९९,९९९, म्हणजे मर्यादेबाहेर. जावाच्या हिशेबाने ती होते उणे २,०४,४९,६७,२९७, आणि mid येतो उणे १,०२,२४,८३,६४८. ॲरेला ऋण क्रमांकाची जागाच नसते, त्यामुळे प्रोग्रॅम `ArrayIndexOutOfBoundsException` देऊन तिथेच कोसळतो.

आता टेस्ट करणाऱ्याच्या जागी बसून बघा. १०० आकड्यांचा ॲरे, पास. दहा लाखांचा, पास. १५० कोटींचा ॲरे घेतला आणि डावीकडचा आकडा शोधला, तरीही पास! बग दिसायला ॲरेत निदान १०७ कोटींच्या वर आकडे हवेत, आणि शोधही उजवीकडे जायला हवा. int चा एवढा ॲरे ठेवायचा तर चार जीबीहून जास्त मेमरी लागते. हा प्रोग्रॅम लिहिला गेला तेव्हा एवढी मेमरी कोणाच्या टेबलावर होती? तेव्हाच्या सगळ्या हिरव्या खुणा खऱ्याच होत्या. ज्या आकड्यांवर चाचणी झाली, त्या आकड्यांपुरत्या.

मग सगळेच आकडे घालून का बघू नये? बाकीचा प्रोग्रॅम बाजूला ठेवू, फक्त ही एक ओळ घेऊ. तिच्यात येणारे आकडे दोनच, low आणि high. दोन्ही शून्य किंवा धन, आणि low हा high पेक्षा मोठा नाही. अशा जोड्या किती होतात? सुमारे २३ वर १७ शून्यं इतक्या. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासणारं यंत्र घेतलं तरी ७३ वर्षं लागतील. आज पहिल्या वर्षात असलेला विद्यार्थी नव्वदी ओलांडेल तेव्हा एका ओळीची तपासणी संपेल! ॲरेत कोणते आकडे आहेत, कोणता शोधायचा आहे, हे तर यात अजून धरलेलंच नाही. संपूर्ण चाचणी अशक्य म्हणतात ती या अर्थाने. टेस्टरच्या आळसाचा तिथे संबंध नाही.

सगळं तपासता येत नसेल तर निवडून तपासावं लागतं. कुठे निवडायचं? इथे दुसरी गोष्ट कामाला येते. बग प्रोग्रॅमभर सारखे पसरलेले नसतात, थोड्याच जागी घोळका करून असतात. यालाच डिफेक्ट क्लस्टरिंग म्हणतात. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ च्या आपल्या टेस्टिंगवरच्या पुस्तकात सांगितलं की प्रोग्रॅमच्या ज्या भागात जास्त चुका सापडल्या आहेत, तिथेच आणखी असण्याची शक्यता जास्त. आपला मनाचा कल नेमका उलटा असतो: 'तिथले सगळे बग काढले, तो भाग आता स्वच्छ.'

घोळका का होतो हेही याच प्रोग्रॅममध्ये दिसतं. बेंटलींनी अनुभवी प्रोग्रॅमरना बायनरी सर्च लिहायला दिला होता. वेळ भरपूर होता, तरी दहातल्या सुमारे नऊ जणांच्या प्रोग्रॅममध्ये चुका निघाल्या. या प्रोग्रॅममध्ये चुका होतात त्या बहुतेक टोकं सांभाळणाऱ्या ओळींवर: low < high लिहायचं की low <= high, पुढच्या फेरीला mid पासून निघायचं की mid + 1 पासून, आणि मध्य कसा काढायचा. जिथे 'इथपर्यंत, याच्या पुढे नाही' असं ठरवायचं असतं तिथे माणसाचं डोकं घसरतं, आणि अशा ओळी सहसा शेजारी शेजारी असतात. दुसरं कारण म्हणजे नक्कल. ब्लॉक यांनी तेव्हाच बजावलं होतं की मर्ज सॉर्टसारख्या, अर्धे अर्धे भाग करून चालणाऱ्या इतर प्रोग्रॅममध्येही हाच बग असू शकतो. मध्य काढायची ओळ तिथेही तीच असते.

म्हणून एक बग सापडला की त्याच फाइलमधल्या टोकांच्या ओळी पुन्हा वाचाव्यात, तीच ओळ आणखी कुठे उतरवली आहे ते शोधावं, आणि चाचणीचे आकडे मर्यादेच्या अगदी अलीकडचे-पलीकडचे घ्यावेत. या बगसाठी तर चार जीबी मेमरीचीही गरज नव्हती. मध्य काढणारी ओळ वेगळी काढून तिला नुसते दोन मोठे आकडे दिले असते, तर कोणत्याही साध्या संगणकावर ऋण उत्तर लगेच दिसलं असतं. पण त्यासाठी 'ही बेरीज int मध्ये मावेल ना?' हा प्रश्न आधी कोणाला तरी पडायला हवा होता. बेंटलींच्या सिद्धतेतही तो नव्हता. तिथले पूर्णांक गणितातले होते, कितीही मोठे होऊ शकणारे.

दुरुस्ती एका ओळीची:

```java
int mid = low + (high - low) / 2;
```

इथे बेरजेआधी वजाबाकी होते, त्यामुळे उत्तर कधीच high च्या पुढे जात नाही. एवढा बग गेला. मात्र याच प्रोग्रॅमला क्रमाने न लावलेला ॲरे दिला, तर तो कोसळत नाही, कुरकुरतही नाही. ॲरेत असलेला आकडाही तो शांतपणे 'नाही' म्हणून सांगू शकतो.