एकाच वाचनात सगळे शब्द

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात ग्रंथसूचीत शोध घेणारा एक प्रोग्रॅम होता. संशोधकाने दिलेले शब्द हजारो नोंदींमधून शोधायचे, हे त्याचे काम. शब्द वीस असतील तर साधा प्रोग्रॅम प्रत्येक अक्षरापाशी थांबून विचारतो: इथून पहिला शब्द सुरू होतो का, दुसरा होतो का, तिसरा होतो का? शब्दांची यादी वाढली की वेळही त्याच प्रमाणात वाढतो. अल्फ्रेड आहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी 1975 साली यावर एक रीत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे तो प्रोग्रॅम पाच ते दहा पट वेगाने चालू लागला, अशी नोंद त्यांच्या लेखातच आहे. या रीतीत मजकुराचे प्रत्येक अक्षर एकदाच वाचले जाते, मग शोधायचे शब्द वीस असोत की वीस हजार.

हे कसे जमते ते समजायला आधी एकाच शब्दाचा शोध पाहू. शोधायचा शब्द ‘सरसकट’ आणि मजकूर ‘सरसरसकट’. पहिली तीन अक्षरे जुळली: स, र, स. चौथ्या जागी ‘क’ हवा होता, आला ‘र’. इथे सगळे सोडून पुढच्या अक्षरापासून कोरी सुरुवात केली तर ‘सरसकट’ हातचा जाईल, कारण तो मजकुराच्या तिसऱ्या अक्षरापासून सुरू होतो आणि ते अक्षर आपण वाचून बसलो आहोत. मागे जाऊन पुन्हा वाचले तर शब्द सापडेल, पण वेळ जाईल.

डोनाल्ड नूथ, जेम्स मॉरिस आणि व्हॉन प्रॅट यांच्या पद्धतीत मागे जावे लागत नाही. जुळलेला भाग ‘सरस’ आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्याच्या शेवटी ‘स’ आहे आणि शोधायचा शब्दही ‘स’नेच सुरू होतो. म्हणजे तीन अक्षरांची जुळणी फसली तरी एका अक्षराची जुळणी हातात उरते. तिथून पुढे ‘र’ हवा आणि आलेलाही ‘र’च. मग स, क, ट येतात आणि शब्द मिळतो. किती अक्षरे जुळून फसली तर किती हातात उरतात, याचा तक्ता मजकूर पाहण्याआधीच, केवळ शोधायच्या शब्दावरून तयार होतो. ‘सरसकट’साठी तो 0, 0, 1, 0, 0 असा आहे. या तिघांचा लेख छापून आला 1977 मध्ये, पण कल्पना आधीपासून माहीत होती आणि आहो-कोरासिक यांनी तीच अनेक शब्दांवर नेली.

आता आपली यादी अशी घेऊ: नगर, गर, गरज, रज, जन. या शब्दांचे एक झाड करायचे, त्याला ट्राय म्हणतात. मुळापासून न, ग, र, ज अशा चार फांद्या निघतात आणि प्रत्येक फांदीवर शब्द अक्षराअक्षराने पुढे सरकतो. ‘गर’ आणि ‘गरज’ यांची सुरुवात एकच, म्हणून त्यांची फांदीही एकच. बारा अक्षरांच्या यादीला मूळ सोडून दहाच गाठी लागतात. जिथे शब्द पुरा होतो त्या गाठीवर खूण करायची.

एका शब्दाच्या बाबतीत जे काम तक्ता करत होता, ते इथे माघारीचे दुवे करतात. संगणकवाले त्यांना फेल्युअर लिंक म्हणतात. प्रश्न तोच: इथवर जुळलेल्या अक्षरांच्या शेवटचा कोणता तुकडा झाडात मुळापासून वाचता येतो? असे तुकडे अनेक असतील तर त्यातला सर्वांत लांब घ्यायचा. फरक इतकाच, की तो तुकडा आता यादीतल्या दुसऱ्याच शब्दाची सुरुवात असू शकतो. ‘नग’चा दुवा ‘ग’कडे जातो. ‘नगर’चा दुवा काढताना नव्याने शोधाशोध करावी लागत नाही: आधीच्या गाठीचा, म्हणजे ‘नग’चा, दुवा ‘ग’ आहे, त्याच्या पुढे ‘र’ आहे का? आहे. म्हणून ‘नगर’चा दुवा ‘गर’. तसाच ‘गरज’चा दुवा ‘रज’ आणि ‘जन’चा दुवा ‘न’. दुवा नेहमी मुळाच्या जास्त जवळच्या गाठीकडे जातो, म्हणून झाड थराथराने घ्यावे लागते: आधी एका अक्षराच्या सगळ्या गाठी, मग दोन अक्षरांच्या, मग तीन. यादीत एकच शब्द असेल तर झाडाची एक सरळ काठी होते आणि हे दुवे म्हणजे नूथ-मॉरिस-प्रॅट यांचा तक्ताच.

मजकूर घेऊ ‘नगरजन’. न, ग, र वाचून आपण ‘नगर’च्या गाठीवर पोचतो. एक शब्द मिळाला. दुव्याने डोकावले तर तिथे ‘गर’ आहे, तोही मिळाला. पुढचे अक्षर ‘ज’. ‘नगर’पुढे ‘ज’ नाही, म्हणून दुव्याने ‘गर’वर आलो; तिथून ‘ज’ची वाट आहे, ‘गरज’ मिळाला आणि त्याच्या दुव्यावरचा ‘रज’ही. शेवटचे अक्षर ‘न’. ‘गरज’पुढे ते नाही, ‘रज’पुढे नाही, पण ‘ज’पुढे आहे, म्हणून ‘जन’. पाच अक्षरे एकेकदा वाचून पाचही शब्द सापडले. वाटेत माघार तीनदा घ्यावी लागली. माघारी वाढत गेल्या तर वेग मंदावेल, ही भीती खोटी आहे: प्रत्येक अक्षराने आपण मुळापासून फार तर एक पायरी दूर जातो आणि प्रत्येक माघारीत किमान एक पायरी परत येतो, म्हणून एकूण माघारी मजकुरातल्या अक्षरांपेक्षा जास्त होऊच शकत नाहीत.

हा प्रोग्रॅम लिहिताना सर्वांत जास्त चुका होतात त्या दुव्याने डोकावण्याच्या पायरीवर. समजा यादीत ‘नगरपालिका’ आणि ‘गर’ हे दोनच शब्द आहेत. मजकूर ‘नगरपालिका’ वाचताना आपण ‘नगर’च्या गाठीवरून जातो. तिच्यावर खूण नाही, कारण ‘नगर’ आता यादीत नाही. केवळ पायाखालची खूण पाहणारा प्रोग्रॅम इथे ‘गर’ गमावतो आणि कुठलीही तक्रार न करता पुढे जातो. म्हणून दुवे तयार करतानाच प्रत्येक गाठीला तिच्या वाटेवरची सर्वांत जवळची खूण असलेली गाठ सांगून ठेवायची. ही चूक एरवीच्या शब्दयाद्यांत दिसतच नाही, कारण तिथे शब्द एकमेकांत क्वचितच अडकतात. मला खात्रीची वाटते ती चाचणी अशी: फक्त दोन अक्षरे वापरून सोडतीसारखे कसेही शब्द आणि कसाही मजकूर तयार करायचा आणि उत्तर साध्या, संथ शोधाच्या उत्तराशी ताडून पाहायचे. दोनच अक्षरे असली की शब्द एकमेकांत सतत घुसतात आणि चूक लगेच उघडी पडते.

मराठी मजकुरावर ही रीत चालवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तिला शब्दाची सीमा कळत नाही, आणि संगणकाच्या लेखी ‘नी’ म्हणजे ‘न’ आणि वेलांटी अशी दोन चिन्हे असतात. त्यामुळे ‘मन’ शोधला तर तो ‘मनी’तही सापडतो. असे नको असेल तर सापडलेल्या जागेनंतर काना, मात्रा, वेलांटी किंवा हलन्त आहे का, हे वेगळे तपासावे लागते. दुसरी अडचण याच्या उलट आहे, ती असलेला शब्द लपवते. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ तीन प्रकारे साठवलेला आढळतो: ‘ऱ’च्या स्वतंत्र चिन्हाने, ‘र’ आणि नुक्ता असा जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण झाडात त्यांच्या तीन वेगळ्या वाटा होतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन एक होतात. तिसरा तसाच राहतो, त्याच्यासाठी आपला नियम लिहावा लागतो आणि तो शब्दांच्या यादीला आणि मजकुराला, दोन्हींना शोधापूर्वी लावावा लागतो.