पडद्यावर मुद्दाम केलेली चूक

संगणकाची आज्ञावली शिकवणाऱ्या चित्रफितीत जे सहज बोलल्यासारखे वाटते, ते आधी लिहिलेले असते. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाच्या संहिता मी बऱ्याच वाचल्या. त्यांत दोन रकाने असतात: डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे काय बोलले जाईल. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. शिकणाऱ्याने तो शेजारच्या खिडकीत लावून, थांबवत थांबवत, स्वतः टंकत जायचे.

मराठी आवृत्तीत बहुधा चित्र तेच राहते, आवाज बदलतो. इथे वाक्यरचना आडवी येते. इंग्रजीत क्रियापद आधी, मराठीत शेवटी. ‘क्लिक करा’ हे शब्द येईपर्यंत माउसचे काम उरकलेले असते. म्हणून मूळ संहिता मराठीतच लिहिणे मला बरे वाटते.

चूक कशी दाखवावी, याचे उदाहरण आमच्या नामपूरच्या कांद्याचे घेतो. भाव क्विंटलचा, माल तीन क्विंटल.

```
bhav = input("bhav: ")
print(bhav * 3)
```

पहिली ओळ टंकताना एकेक चिन्ह उच्चारायचे आणि बोट जिभेच्या पुढे जाऊ द्यायचे नाही. नवख्याला अवतरणचिन्ह कळफलकावर शोधावे लागते. दुसरी ओळ थोडी भरभर चालते, कारण `bhav` त्याने नुकताच टंकलेला असतो. मग आज्ञावली चालवून 1500 भरायचे. उत्तर यायला हवे 4500. येते ते असे:

```
150015001500
```

संगणक तक्रार करत नाही, म्हणूनच ही चूक निवडावी. डाव्या रकान्यात लिहायचे: ‘उत्तराची ओळ मोठी करा, तीन सेकंद गप्प.’ त्या शांततेत पाहणारा स्वतः हिशोब करतो. चूक आधी जाहीर केली तर तो हिशोब होतच नाही. पण शांतता संपताच ‘हे मी मुद्दाम केले’ असे सांगायचे, नाहीतर बरोबर टंकणारा मुलगा स्वतःचीच ओळ खोडत बसतो.

कारण असे, की `input` जे घेते ते अक्षरे म्हणून घेते, आणि अक्षरांना तीनने गुणले की ती तीनदा लिहिली जातात. दुरुस्तीपूर्वी पडदा पुन्हा पूर्ण दाखवावा. दोष पहिल्या ओळीत आहे आणि नजर अजून खालच्या उत्तरावर खिळलेली असते. मग पहिली ओळ मोठी करून:

```
bhav = int(input("bhav: "))
```

आता 4500 येतात. स्वल्पविराम घालून 1,500 भरले तर मात्र `ValueError` येतो. तो वेगळ्या धड्यात घ्यावा, एका फितीत दोन चुका कोंबू नयेत. गंमत अशी, की देवनागरीत १५०० भरले तरी `int` ते मुकाट्याने स्वीकारतो. तेच अंक थेट आज्ञावलीत लिहिले की `SyntaxError`.