कोपरी ते डोंबिवली: आवाजाचे आकडे होताना

लँडलाइनवरून कोणी ‘सार’ म्हणावं आणि पलीकडच्याला ‘फार’ ऐकू यावं, हे नेहमीचंच. समोरासमोर बोलताना मात्र ही गफलत सहसा होत नाही. मग फोनवर आपण ‘स, समोशातला स’ अशी फोड करून सांगतो. यात ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष नसतो आणि बोलणाऱ्याच्या जिभेचाही नसतो. ‘स’ला ‘स’पण देणारा आवाजाचा भाग टेलिफोन एक्स्चेंजच्या दारातच गाळला जातो, आणि तो मुद्दाम गाळला जातो. असं का करतात, हे समजून घेण्यासाठी कोपरीतून डोंबिवलीच्या आत्याला लावलेला एक साधा फोन पुरेसा आहे.

कोपरी ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, म्हणजे एमटीएनएलच्या हद्दीत, ०२२ मध्ये. डोंबिवलीचा कोड ०२५१ आणि जाळं बीएसएनएलचं. रेल्वेने अंतर जेमतेम १५ किलोमीटर. जुन्या तांब्याच्या लाइनवर घरापासून एक्स्चेंजपर्यंत आवाज विजेच्या चढउताराच्या रूपात जातो. आवाज जसा वरखाली होतो, तसाच तारेतला दाबही होतो. एक्स्चेंजमध्ये त्या तारेच्या टोकाला लाइन कार्ड असतं, आणि आवाजाचे आकडे तिथे होतात. या पद्धतीचं नाव पल्स कोड मॉड्युलेशन, म्हणजे पीसीएम. ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरला ती १९३७ मध्ये पॅरिसमध्ये काम करताना सुचली. पण व्हॉल्व्हच्या जमान्यात ती परवडणारी नव्हती. ट्रान्झिस्टर आल्यानंतर, १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल कंपनीने ती टेलिफोनच्या रोजच्या कामाला लावली.

सेकंदाला आठ हजार नमुने

लाइन कार्ड तारेवरचा दाब सतत मोजत बसत नाही. दर १२५ मायक्रोसेकंदांनी एकदा मोजतं, म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा. याला सॅम्पलिंग म्हणतात. दोन नमुन्यांच्या मधला आवाज टाकून दिला, तर काही हरवत नाही का? एका अटीवर काहीच हरवत नाही. आवाजातली सर्वांत वेगवान लहर सेकंदाला ४,००० कंपनांच्या आतली हवी. नमुन्यांचा वेग त्या लहरीच्या दुपटीपेक्षा जास्त असला, की नमुन्यांवरून मूळ लहर जशीच्या तशी उभी करता येते.

अट मोडली, तर नुसतं नुकसान होऊन भागत नाही, चक्क खोटा आवाज तयार होतो. ५,००० हर्ट्झची शिट्टी या वेगाने मोजली, तर येणारे नमुने ३,००० हर्ट्झच्या शिट्टीच्या नमुन्यांसारखेच असतात. एकदा आकडे झाले, की खरी शिट्टी कोणती आणि खोटी कोणती, हे कोणतंही यंत्र सांगू शकत नाही. म्हणून मोजण्याच्या आधीच गाळणी लावावी लागते. टेलिफोनची गाळणी साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच आत सोडते. गाळणीची धार अगदी उभी करता येत नाही, म्हणून ३,४०० ते ४,००० ही जागा सुरक्षेसाठी मोकळी ठेवलेली असते. बोलणं समजायला एवढा पट्टा पुरतो. पण ‘स’ची बहुतेक सळसळ ४,००० हर्ट्झच्या वर असते. ती या गाळणीत अडकते आणि ‘स’ व ‘फ’ यांच्यातला फरक पुसट होतो.

पायरी कुठे बारीक, कुठे मोठी

आता प्रत्येक नमुन्याला आकडा द्यायचा. दाब कुठल्याही किमतीचा असू शकतो, पण आकडे मोजकेच असतात. एका नमुन्याला ८ बिट दिले, तर २५६ वेगळे आकडे मिळतात. खरा दाब ज्या पायरीत पडेल, त्या पायरीची मधली किंमत पलीकडे ऐकवली जाते. हे क्वांटायझेशन. खरी किंमत आणि पायरीची किंमत यांतला फरक प्रत्येक नमुन्यात वेगळा असतो, कधी अधिक, कधी उणा, आणि कानाला तो बारीक खरखरीसारखा लागतो. हाच क्वांटायझेशनचा नॉइज. तो बाहेरून येत नाही. आवाज आकड्यांत बसवण्याची ती किंमत आहे.

ती किंमत किती, ते एका उदाहरणात पाहू. समजा, सगळ्यात मोठा आवाज शून्याच्या वर २,०४८ आणि खाली २,०४८ एवढा आहे. २५६ पायऱ्या सारख्या वाटल्या, तर प्रत्येक पायरी १६ची होते. आत्या मोठ्याने बोलल्या आणि नमुना आला ४०३. तो ४०० ते ४१६ या पायरीत पडला, म्हणून ऐकू जाणार ४०८. चूक ५ची, म्हणजे सव्वा टक्का. एवढी कोणाला जाणवणार नाही. मग आत्या हळू आवाजात काही सांगू लागल्या आणि नमुना आला २१.३. पायरी १६ ते ३२, ऐकू जाणार २४. चूक २.७ची, पण नमुन्याच्या मानाने ती जवळजवळ १३ टक्के आहे. मोठा आवाज स्वच्छ आणि कुजबुज खरखरीत, असा हा अन्याय झाला.

पायऱ्या वाढवल्या तर? एक बिट वाढवला, की पायरी निम्मी होते आणि आवाज नॉइजपेक्षा आणखी ६ डेसिबलने वर येतो. पायरी १६ वरून १ वर आणायला चार बिट वाढवावे लागतील. एकूण १२ झाले आणि तारेवरचा भार दीडपट झाला. तोही कशासाठी? मोठ्या आवाजाला एवढ्या बारीक पायऱ्यांची गरजच नसते.

त्यावरचा उपाय म्हणजे पायऱ्या असमान ठेवायच्या. भारतात आणि युरोपात जो नियम चालतो, त्याचं नाव ए-लॉ. यात शून्यापासून ३२ पर्यंत, म्हणजे पहिल्या दोन टप्प्यांत, पायरी १ची, ३२ ते ६४ मध्ये २ची, ६४ ते १२८ मध्ये ४ची, अशी दुप्पट होत जाते आणि शेवटच्या टप्प्यात ६४ची होते. आता आत्यांचे तेच दोन नमुने पाहा. ४०३ ज्या टप्प्यात येतो, तिथे पायरी १६चीच आहे, म्हणून चूक पूर्वीसारखी ५ची राहते. २१.३ मात्र २१ ते २२ या पायरीत पडतो आणि २१.५ ऐकू जातो. चूक फक्त ०.२ची, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. मोठ्या आणि हळू आवाजाला चुकीचा वाटा आता जवळपास सारखाच आला. बोलण्याच्या मोठ्या पट्ट्यात आवाज नॉइजपेक्षा सुमारे ३८ डेसिबल वर राहतो, म्हणजे नॉइजची शक्ती आवाजाच्या सुमारे सहा हजारांश असते. याची भरपाई अगदी मोठ्या आवाजाकडून होते. तिथे पायरी १६ऐवजी ३२ किंवा ६४ची असते, पण आवाजच एवढा मोठा असतो की ती चूक त्याच्याखाली झाकली जाते.

आठ बिट आणि तीस जणांची बोलणी

एन्कोडिंगमध्ये याच पायरीचा पत्ता आठ बिटांत लिहितात. पहिला बिट सांगतो की नमुना शून्याच्या वर आहे की खाली. पुढचे तीन बिट आठांपैकी कोणता टप्पा, ते सांगतात. उरलेले चार बिट त्या टप्प्यातल्या सोळांपैकी कोणती पायरी, ते सांगतात. ४०३ अधिक बाजूला आहे, आणि शून्यापासून मोजत गेलं तर पाचव्या टप्प्यात आणि त्यातल्या नवव्या पायरीत आहे. म्हणून:

```
1 101 1001
```

प्रत्यक्ष तारेवर पाठवताना यातला एकाआड एक बिट उलटा करतात. बोलणारा गप्प असताना शून्यांची लांबच लांब रांग लागू नये, यासाठी. रांग लांबली, तर पलीकडच्या यंत्राला ताल सापडत नाही.

८ बिट आणि सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे एका बोलण्याला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. आत्यांचे आठ बिट पाठवून झाले, की पुढचा नमुना येईपर्यंत तार मोकळीच असते. तेवढ्या वेळात इतरांचे नमुने पाठवतात. १२५ मायक्रोसेकंदांच्या एका फ्रेममध्ये ३२ जागा असतात. तीस जागा बोलण्यांना, एक ताल जुळवायला आणि एक नंबर लावणं, घंटी, फोन ठेवणं अशा निरोपांना.

मधल्या वाटेवर या आकड्यांचं काय होतं, तिथे पीसीएमची खरी कमाई दिसते. जुन्या पद्धतीत दर काही अंतरावर ॲम्प्लिफायर असे. तो आवाज वाढवी आणि तारेत शिरलेली खरखरही वाढवी. टप्प्याटप्प्याने ती साचत जाई. पीसीएमच्या तांब्याच्या केबलवर साधारण दर १.८ किलोमीटरला रिपीटर बसवत. ठाणे ते डोंबिवली एवढ्या अंतरात असे आठेक येतात. रिपीटरला एकच निर्णय घ्यायचा असतो: इथे ठोका आहे की नाही? ते ओळखून तो कोरा, नवा ठोका पुढे पाठवतो. मागची खरखर तिथेच संपते. म्हणजे क्वांटायझेशनची चूक सुरुवातीला एकदाच स्वीकारायची, आणि मग अंतर कितीही असो, ती वाढत नाही. ती वाढते फक्त आकड्यांचा पुन्हा आवाज करून, त्या आवाजाचे पुन्हा आकडे केले तर. दोनदा असं झालं, की नॉइज दुप्पट होतो आणि ३८चे ३५ डेसिबल होतात.

खरखर कुठली, हे ओळखायचं कसं

फोन खरखरत असेल, तर बोलणं थांबवून दोघांनीही काही क्षण गप्प राहावं. क्वांटायझेशनचा नॉइज बोलण्याच्या पाठीवर बसून येतो. बोलणं थांबलं, की तोही जवळजवळ नाहीसा होतो. शांततेतही खरखर चालूच असेल, तर ती घर ते एक्स्चेंज या तांब्याच्या तारेतली आहे. पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरलं, की हेच होतं. ती खरखर लाइन कार्डाच्या आधी आलेली असते, म्हणून कार्ड तिचेही प्रामाणिकपणे आकडे करतं आणि डोंबिवलीपर्यंत जशीच्या तशी पोहोचवतं. पीसीएम वाटेतली घाण काढतं, घरून निघालेली काढत नाही.

अधूनमधून एखादी बारीक ‘टिक’ ऐकू येत असेल, तर ती तिसरीच गोष्ट आहे. दोन एक्स्चेंजची घड्याळं एका तालात हवीत. ती दहा लाखांत एका भागाने जरी चुकली, तरी दर १२५ सेकंदांनी एक फ्रेम जादा होते किंवा कमी पडते, आणि यंत्राला ती गाळावी किंवा परत वाजवावी लागते. बोलण्यात तो एकच नमुना सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पण त्याच लाइनवर फॅक्स चालू असेल, तर कागदावरच्या ओळी बिघडतात.

ज्या घरांत आता फायबर आलं आहे, तिथे सॅम्पलिंग एक्स्चेंजमध्ये होत नाही. फोनशेजारच्या छोट्या डब्यात होतं. पावसात भिजणारं तांबं मधून गेलं आणि त्याची खरखरही गेली. जुन्या ए-लॉचे आठ बिट मात्र इंटरनेटवरून जाणाऱ्या कितीतरी फोनमध्ये आजही तसेच चालतात. तिथे ३,४०० हर्ट्झची गाळणीही तशीच आहे, म्हणून फायबर घेऊनही ‘सार’ कधीकधी ‘फार’ ऐकू येतं. ‘स’ स्वच्छ हवा असेल, तर तार बदलून भागत नाही. सेकंदाला १६,००० नमुने घेणारी पद्धत दोन्ही टोकांना असावी लागते. एका जरी टोकाला ८,०००ची पद्धत असली, तरी सगळा फोन तिच्याच मापाचा होतो.