पोटरी ठरावीक अंतरावरच का दुखते?
लालबागेत माझ्यासोबत फिरणारे एक निवृत्त सुभेदार दर तीनशे पावलांवर थांबत. पोटरी आवळून येई. दोन मिनिटं नुसतं उभं राहिलं की दुखणं जाई. पुढे तीनशे पावलांवर पुन्हा तेच. पायाची धमनी आतून चरबी साचून अरुंद झाली, तरी बसल्याजागी रक्त पुरतं. चालताना स्नायूला कितीतरी जास्त लागतं, तेवढं पोचत नाही. थांबलं की मागणी उतरते. कण्यातली नस दबली असेल, तर मात्र सहसा बसावं किंवा वाकावं लागतं.

डॉक्टरांनी दोन्हीकडचा रक्तदाब मोजला: दंडाला 140, घोट्याला 84. भागाकार 0.6. तो 0.9 किंवा कमी आला, तर धमनी अरुंद असते. आता सुभेदारांनी विडी सोडली आहे. औषधं घेऊन ते दुखेपर्यंत चालतात, थांबतात, पुन्हा चालतात. झोपेतही पाय दुखू लागला, तर मात्र थांबू नका. लगेच डॉक्टर गाठा.