दस्तऐवजांतील गुंठा व बिघा

गिरगावच्या चाळींतून राहणाऱ्या अनेक कोकणी कुटुंबांची वडिलोपार्जित जमीन गावी आहे. वाटणीचा प्रश्न निघाला म्हणजे ट्रंकेतील जुनी खते बाहेर येतात आणि गावी विचारणा होते. अशा विचारणेचा एक नमुना पाहू. जुन्या खतात 'दोन बिघे' लिहिले आहे; सात-बाराच्या उताऱ्यात ०-६०-२० म्हणजे साठ आर वीस चौरस मीटर आहे. कोणीतरी 'बिघा म्हणजे तेहेतीस गुंठे' असे सांगितल्यामुळे साडेसहा गुंठे भाऊबंदांनी दाबले, असा संशय घेतला जातो.

गुंठ्याविषयी घोटाळा नाही. तेहेतीस फुटी साखळीच्या चौरसाचा तो १,०८९ चौरस फूट, म्हणजे १२१ चौरस वार. सोळा आण्यांचा एक गुंठा व चाळीस गुंठ्यांचा एक एकर. येथे आणा हे क्षेत्राचे माप आहे, पैशाचे नव्हे. गुंठा हा आरापेक्षा किंचित मोठा असल्याने वरील उताऱ्यातील क्षेत्र ५९॥ गुंठे भरते. जुन्या उताऱ्यातील १-१० हा आकडा मात्र दशांश समजू नये. तो एक एकर दहा गुंठे, म्हणजे सव्वा एकर होय.

बिघ्याची गोष्ट निराळी. वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा व १२० बिघ्यांचा एक चाहूर, हे कोष्टक पक्के. पण काठीची लांबी पक्की नव्हती. शिवकालीन काठी पाच हात पाच मुठींची सांगतात. आता हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच!

बिघा म्हणजे वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद चौरस. काठी नऊ फुटी धरल्यास त्याची बाजू १८० फूट व क्षेत्र ३२,४०० चौरस फूट, म्हणजे पावणेतीस गुंठे होते. तीच काठी साडेनऊ फुटी धरल्यास ते ३६,१०० चौरस फूट, म्हणजे तेहेतीस गुंठ्यांहून थोडे अधिक होते. काठीत अर्धा फूट वाढताच दोन बिघ्यांमागे पावणेसात गुंठे वाढले! नऊ फुटी काठीने दोन बिघे बरोबर ५९॥ गुंठे भरतात. म्हणजे वरील कुटुंबाची जमीन घटलेलीच नसावी.

तथापि एवढ्या मेळावर निकाल देऊ नये. त्याच गावच्या दुसऱ्या एखाद्या जुन्या खतावरून हीच काठी निघते काय, ते पाहावे. उताऱ्यातील पोटखराबा लागवडीखालील क्षेत्रात मिळविला आहे ना, याची खात्री करावी. जुन्या खतात ओहोळ व बांध धरलेले असू शकतात. त्यानंतर खतातील चतुःसीमा नकाशाशी ताडाव्यात आणि फेरफार व आकारबंद पाहावा. चतुःसीमा जुळत असून आकारबंदाचे क्षेत्र आणि उताऱ्यांतील हिश्श्यांची बेरीज यांत फरक निघाला, तरच भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा.